मध न्यूझीलंडचा, पॅकिंग भिवंडीचं

ऐरोलीतल्या एका ग्राहकाने 250 ग्रॅम 'मनुका' मध ऑनलाइन मागवला. (मनुका म्हणजे खायच्या मनुका नव्हेत, ते एका झुडपाचं माओरी नाव.) विक्रीच्या पानावर मूळ देश न्यूझीलंड आणि बरणीवर पुढे ठळक 'UMF 10+', म्हणजे मनुका मधाच्या दर्जाचं न्यूझीलंडचं चिन्ह. मागचं लेबल मात्र दुहेरी निघालं. वर 'न्यूझीलंड'ची चिकटपट्टी, तिचा कोपरा नखाने उचलला तर खाली छापलेलं: 'पॅकिंग: भिवंडी'.

ग्राहकाने विक्रेत्याला लिहिलं:

"महोदय, चिकटपट्टीखाली पॅकिंगचं ठिकाण भिवंडी आहे. UMF चिन्ह मिळालेला मध न्यूझीलंडमध्येच बरणीबंद व्हावा लागतो. तेव्हा दोन्हींपैकी एक खोटं आहे. आयातदाराचं नाव-पत्ता, त्याचा FSSAI परवाना क्रमांक, UMF परवानाधारकाचं नाव आणि या बॅचच्या बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाची, प्रत पाठवावी. किमती झाकल्या तरी चालतील, मूळ देशाचा रकाना दिसला पाहिजे."

उत्तर आलं: "बारकोड 94 ने सुरू होतो, म्हणजे माल न्यूझीलंडचाच."

इथेच बरेच जण गप्प बसतात. बारकोडचे पहिले आकडे नंबर कोणत्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढंच सांगतात. माल कुठला, ते नाही. भारतातला 890 असलेल्या बरणीतही परदेशी मध असू शकतो.

चिकटपट्टी दिसली की लगेच लबाडी, असंही नाही. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, हिरवा ठिपका इथे आल्यावर चिकटवायला मुभा आहे. मूळ देशाचं नाव मात्र मूळ लेबलवरच हवं. परदेशातून पिंपांनी मध आणून इथे बरणीत भरणंही बेकायदा नाही, पण मग UMF चा शिक्का कुठून आला?

परवान्याचा 14 आकडी क्रमांक foscos.fssai.gov.in वर टाकून बघा. तिथे व्यवसायाचा प्रकारही कळतो. नुसता 'रिपॅकर' दिसला आणि आयातदार कोणीच नसेल, तर न्यूझीलंडचा माल आणला कोणी, हे विचारायचं.

पाण्यात थेंब सोडणं, काडी पेटवणं असले घरगुती प्रयोग इथे कुचकामी. भेसळही त्यांनी धड कळत नाही, देश तर नाहीच. त्यासाठी प्रयोगशाळेत मधातले परागकण तपासतात, आणि मध फार बारीक गाळला असेल तर तेही हाती लागत नाहीत. म्हणून आधी कागद मागायचे.

कागद आले नाहीत. "बरणी परत पाठवा, पूर्ण पैसे देतो," असा निरोप आला. बरणी गेली की पुरावाही गेला. ग्राहकाने ती ठेवून घेतली. चिकटपट्टी अर्धी उचललेली, बॅच नंबर आणि विक्रीचं पान यांचे फोटो काढून प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवले. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. तोवर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनलाही तक्रार नोंदवता येते.

दोन दिवसांत विक्रीच्या पानावरचा मूळ देश बदलून 'भारत' झाला. जुन्या पानाचा स्क्रीनशॉट आधीच काढलेला होता, म्हणून तक्रार टिकली.