कोरी स्लिप, एक ओटीपी आणि काकांचे १५० राइट्स

जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ करणारा राइट्स इश्यू आला की काही एजंटांना एकच वाक्य पुरतं: "सर, पैसे भरायचे नसतील तर ते आपोआप संपून जातं, त्याला काय किंमत नाय." यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच माणूस फसतो. जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या काकांना याच वाक्यावर जवळपास अकरा हजारांना टोपी घातली गेली.

काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एका कंपनीचे ६०० शेअर होते, भाव २४० रुपये. कंपनीने दर ४ शेअरमागे १ नवा शेअर १५० रुपयांना देऊ केला. म्हणजे काकांच्या वाट्याला १५० राइट्स आणि भरायचे २२,५००. एवढे पैसे त्या वेळी हाताशी नव्हते. नवी पेठेतला एजंट ओळखीचा, घरी येऊन चहा पिऊन जाणारा. तो म्हणाला, "खात्यात उगाच कचरा नको, मी काढून टाकतो." खात्यातून शेअर दुसरीकडे पाठवायच्या डिलिव्हरी स्लिपवर काकांची सही घेतली, बाकीचे रकाने कोरेच. दुसऱ्या दिवशी फोन करून मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला. काकांनी विश्वासाने सांगितला.

हा 'कचरा' काय होता, ते बघा. २०२० पासून राइट्सचा हक्क शेअरसारखाच डिमॅट खात्यात जमा होतो. त्याचा आयएसआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, वेगळा असतो आणि कंपनीच्या नावापुढे RE लिहिलेलं असतं. इश्यू चालू असताना हा हक्क शेअर बाजारात विकता येतो. फक्त त्याची खरेदी-विक्री इश्यू संपण्याच्या काही दिवस आधी बंद होते. ना विकला ना पैसे भरले, तरच तो संपतो.

आता हिशोब. २४० चे चार शेअर आणि १५० चा एक, मिळून १,११० रुपये. पाचाने भागलं की २२२. हक्क कोणाला मिळणार ते ज्या दिवशी ठरतं, त्या रेकॉर्ड डेटला भाव साधारण तेवढ्यावर उतरतो, कारण स्वस्तातले नवे शेअर येणार असतात. काकांचे ६०० शेअर १,४४,००० वरून १,३३,२०० वर आले. मधले १०,८०० कुठे गेले? १५० राइट्समध्ये, प्रत्येकी ७२ रुपयांप्रमाणे. प्रत्यक्षात बाजारात राइट्सचा भाव थोडा खाली-वर होतो, पण हिशोब हाच. राइट्स विकले असते तर तेवढे हातात आले असते. पैसे भरले असते तर ७५० शेअर झाले असते आणि किंमत १,६६,५००, म्हणजे जुने १,४४,००० अधिक भरलेले २२,५००. काकांकडे मात्र उतरलेला भाव तेवढा राहिला. एजंट वर म्हणतो, "मार्केट पडलंय, सर."

मला हे कळलं महिनाअखेरच्या स्टेटमेंटवरून. १५० राइट्स 'ऑफ-मार्केट' गेलेले, म्हणजे बाजारात न विकता थेट दुसऱ्याच्या खात्यात. हक्क असा देणं बेकायदा नाही, घरातल्या घरात लोक देतातही. आम्ही स्लिपची प्रत मागितली. हस्तांतराचं कारण म्हणून 'भेट' लिहिलेलं, मोबदला शून्य, अक्षर एजंटचं. घेणारा माणूस काकांनी जन्मात पाहिलेला नाही! त्याने मुदतीत १५० रुपयांनी शेअर घेतले असणार, नाहीतर राइट्स विकले असणार. 'भेट' हा शब्दच या चोरीची खरी कारागिरी. सही खरी, ओटीपी खरा, आणि कागदावर काका दानशूर.

एजंट ज्या ब्रोकरचा नोंदणीकृत प्रतिनिधी आहे, त्या ब्रोकरवरही त्याच्या वागण्याची जबाबदारी येते. म्हणून तक्रार आधी ब्रोकरकडे लेखी दिली. उत्तर आलं, "ग्राहकाने स्वतः संमती दिली आहे." मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर टाकली. तिथे उत्तराला २१ दिवसांची मुदत असते. आम्ही एकाच मुद्द्यावर जोर दिला: निवृत्त शिक्षक अनोळखी माणसाला दहा हजारांची भेट का देईल? आणि रकाने दुसऱ्याच्या अक्षरात का?

तक्रार चालू असतानाच कळलं, की हाच एजंट शेजारच्या आजींना दुसऱ्या कंपनीबद्दल सांगून गेलाय, "डीलिस्ट होतेय, कागद होईल, मला देऊन टाका." प्रवर्तक स्वतःहून कंपनी बाजारातून काढतात, तेव्हा डीलिस्टिंगनंतरही वर्षभर उरलेल्या भागधारकांचे शेअर ठरलेल्या एक्झिट भावाने घ्यावेच लागतात. विलीनीकरणात तर डिमॅटवाल्याला सहीच करायची नसते. ठरलेल्या प्रमाणात नवे शेअर आपोआप खात्यात येतात, अपूर्णांकाचे पैसे बँकेत. आजींनी अजून स्लिप दिलेली नाही. त्यांच्या स्लिपबुकातल्या दोन कोऱ्या पानांवर मात्र सह्या आधीच होत्या, त्या आम्ही आडव्या रेघा मारून रद्द केल्या आणि डिमॅट खातं सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटला तसं लेखी कळवलं.