कोठडीतील मृत्यूचा प्रश्न : उत्तराचा कणा रिटचा ठेवावा की दिवाणी दाव्याचा?

मानवी हक्कांच्या पेपरात हा प्रश्न साधारण असा येतो. अ, वय २६, रोजंदारीवर काम करणारा. सोमवारी रात्री दहा वाजता चोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला घरातून नेले. अटकेचा कागद केला नाही आणि कुठे नेतोय तेही घरच्यांना सांगितले नाही. बुधवारी पहाटे पाच वाजता त्याला सरकारी दवाखान्यात मृतावस्थेत आणले. चादरीच्या पट्टीने त्याने गळफास घेतला, असे पोलीस म्हणतात. शवविच्छेदनात पाठीवर, मांड्यांवर आणि तळपायांवर बोथट वस्तूच्या १४ जखमा आढळल्या. लॉकअपचा कॅमेरा बंद होता. मागे आई, पत्नी आणि अविवाहित बहीण. राज्याची जबाबदारी, नुकसानभरपाई आणि अटकेवेळची संरक्षणे यांच्या संदर्भात चर्चा करा.

विद्यार्थी इथे दोन रस्त्यांमध्ये अडकतो. एक रस्ता रिटचा, म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात थेट भरपाई मागायची. दुसरा दिवाणी दाव्याचा, म्हणजे अपकृत्य कायद्याखाली राज्यावर दावा लावायचा. मानवी हक्क आयोगाची तिसरी वाटही आहे, तिच्याकडे शेवटी वळू. उत्तरपत्रिका तपासताना मला बहुतेक वेळा दोन्ही रस्त्यांची नावे लिहिलेली दिसतात, पण निवड कुणी केलेली नसते. गुण तर निवडीलाच आहेत, कारण मृताच्या आईलाही प्रत्यक्षात हाच निर्णय घ्यावा लागतो.

दोन खऱ्या प्रकरणांवरून फरक लगेच कळतो.

पहिले नीलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य. १ डिसेंबर १९८७ रोजी सकाळी जेराइकेला पोलीस चौकीतला अधिकारी २२ वर्षांच्या तरुणाला घरातून घेऊन गेला. रात्री आठच्या सुमारास आई जेवण घेऊन चौकीत गेली आणि मुलाने ते खाल्ले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वे रुळावर सापडला. पहाटे तीनच्या सुमारास दोरी चावून तो पळाला आणि गाडीखाली गेला, असे पोलिसांचे म्हणणे होते. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, तेच याचिका म्हणून दाखल झाले. न्यायालयाने सुंदरगडच्या जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले. पळालेल्या आरोपीला शोधायला पोलीस बाहेर पडल्याचा विश्वासार्ह पुरावा निघाला नाही, आणि डॉक्टरांच्या साक्षीत जखमा लाठीच्या माराशी जुळल्या. मार्च १९९३ मध्ये १,५०,००० रुपये भरपाईचा आदेश झाला.

दुसरे आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध चल्ला रामकृष्ण रेड्डी. मे १९७७ मध्ये कोइलकुंटला उपकारागृहात बाप आणि मुलगा एकाच कोठडीत होते. रात्री बाहेरून बॉम्ब टाकले गेले आणि बाप मेला. धोक्याची कल्पना असूनही बंदोबस्त ठेवला नाही, असा निष्काळजीपणाचा दावा मुलाने लावला. पहिल्या न्यायालयाने मुदत संपल्याचे कारण देऊन तो फेटाळला. उच्च न्यायालयाने १,४४,००० रुपये व्याजासह मंजूर केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते कायम केले.

मृत्यूपासून अंतिम आदेशापर्यंत एकीकडे सव्वापाच वर्षे गेली, दुसरीकडे जवळजवळ २३. रकमा मात्र जवळपास सारख्याच आहेत. दिवाणी दाव्यात भरपाई नेहमी जास्त मिळते, हा गैरसमज इथेच मिटतो. रिटमध्ये मिळालेला पैसा पुढे दिवाणी दाव्यातल्या रकमेतून वळता करता येतो, असे कोठडीतल्या मृत्यूंवरच्या १९९६ च्या डी. के. बसू निकालात म्हटले आहे. म्हणजे रिट केली तरी दाव्याचे दार उघडेच राहते. पर्याय म्हणून मांडण्यापेक्षा आधी कोणता आणि नंतर कोणता, अशी मांडणी जास्त खरी ठरते.

आता राज्याच्या बचावाकडे. राज्याचे पहिले हत्यार सार्वभौम प्रतिरक्षा, म्हणजे सार्वभौम कामातल्या चुकीबद्दल राज्यावर दावा चालत नाही हा बचाव. आधार १९६५ चा कस्तुरीलाल निकाल. मेरठ पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदाराने लांबवले, तरीही पोलिसांचे काम सार्वभौम स्वरूपाचे म्हणून राज्य सुटले. दिवाणी दाव्यात ही अडचण खरोखर समोर येते. ती ओलांडायला चल्ला रामकृष्ण रेड्डीचा आधार घ्यावा लागतो: अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, भंग झाला की प्रतिरक्षा चालत नाही. रिटमध्ये तिचा प्रश्नच येत नाही. न्यायमूर्ती वर्मा यांनी नीलाबतीत सांगितले की मूलभूत हक्काच्या भंगाबद्दलची भरपाई हा सार्वजनिक कायद्यातला स्वतंत्र उपाय आहे, आणि खासगी कायद्यातली प्रतिरक्षा तिथे लागू पडत नाही. हे एक वाक्य उत्तरात नीट आले की परीक्षकाला कळते की याला विषय समजला आहे.

रिटचीही एक मर्यादा आहे, आणि बहुतेक उत्तरे तिथे गप्प बसतात. २००६ च्या सुबे सिंग विरुद्ध हरियाणा राज्य निकालाने स्पष्ट केले की कोठडीतल्या छळाच्या प्रत्येक तक्रारीवर रिटमध्ये भरपाई मिळत नाही. हक्काचा भंग उघड आणि निर्विवाद आहे का, तो सदसद्विवेकाला धक्का देण्याइतका गंभीर आहे का, आणि छळाने मृत्यू झाला आहे किंवा वैद्यकीय अहवाल वा व्रण यांचा दुजोरा आहे का, हे पाहिले जाते. तथ्ये खरोखर वादग्रस्त असतील तर न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकते.

आपल्या प्रश्नात गळफासाची गोष्ट हीच राज्याची ढाल. ती दोन पायऱ्यांत बाजूला करावी. आधी पुरावा. तळपायावरच्या बोथट वस्तूच्या जखमा गळफासाने होत नाहीत, आणि लॉकअपमध्ये काय घडले हे फक्त पोलिसांना माहीत असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे ज्याच्या विशेष माहितीतली गोष्ट त्याने ती सिद्ध करायची. त्यात कॅमेरा बंद. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावण्याचे आणि चित्रण जपून ठेवण्याचे आदेश दिले आहेत, त्यामुळे बंद कॅमेऱ्याचा निष्कर्ष पोलिसांविरुद्ध काढायला जागा आहे. मग दुसरी पायरी. गळफास खरा धरला तरी कोठडीतल्या माणसाच्या जिवाची काळजी घेणे राज्याचेच काम होते, आणि ते काम चुकले. ही पायरी लिहिणारे विद्यार्थी फार कमी.

समजा हाच प्रश्न वेगळा असता: शवविच्छेदनात एकही जखम नाही, जुना हृदयविकार नोंदलेला आहे, ठाण्याच्या दैनंदिनीत दवाखान्यात नेल्याची नोंद आहे, वाद फक्त उशिराचा. मग मी रिट कणा ठेवला नसता. निष्काळजीपणा साक्षी-पुराव्याने सिद्ध करायला, डॉक्टरांची उलटतपासणी घ्यायला दिवाणी न्यायालयच बरे. पण त्याची किंमत मोजावी लागते. सरकारवर दावा लावण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, कोर्ट फी भरावी लागते, आणि जीवघातक अपघात अधिनियम, १८५५ खाली दावा असेल तर दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. त्या कायद्याचा लाभ पती-पत्नी, आई-वडील आणि मुलांना मिळतो. बहीण त्यात बसत नाही. प्रश्नात बहीण टाकलेली असते ती यासाठीच, आणि तिच्याकडे लक्ष गेलेली उत्तरपत्रिका मला वर्षातून एखादीच दिसते.

संरक्षणांच्या भागात सगळ्यांची गाडी एकाच रुळावर जाते: डी. के. बसूच्या अटकेबद्दलच्या ११ सूचना क्रमाने, दोन पाने. न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ ला त्या दिल्या, हे लिहून पुढच्या भागात. पण त्या स्वतंत्र प्रकरण म्हणून न लिहिता प्रत्येक भंग राज्याच्या जबाबदारीचा पुरावा म्हणून वापरावा. अटकेच्या मेमोवर वेळ, तारीख, साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही हवी होती. तो नाही, म्हणून अटक किती वाजता झाली ते पोलिसांना सिद्ध करता येत नाही आणि घरच्यांची दहाची वेळ टिकते. नातेवाईकाला कळवणे हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्येही आहे. ते चुकले म्हणून वकील वेळेवर पोचलाच नाही.

मग तास मोजा. सोमवार रात्री दहा ते बुधवार पहाटे पाच म्हणजे ३१ तास. अनुच्छेद २२(२) आणि संहितेच्या कलम ५८ प्रमाणे मंगळवारी रात्री दहापर्यंत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायला हवे होते. म्हणजे शेवटचे सात तास, आणि बहुधा मृत्यूची वेळही, कोठडी सरळ बेकायदा होती. गळफास सिद्ध झाला तरी राज्याला हे सात तास पुसता येत नाहीत.

इथे एक सापळा आहे. डी. के. बसूतली दर ४८ तासांची वैद्यकीय तपासणी झाली नाही, असे बरेच जण ठोकून देतात. ४८ तास उलटलेच नव्हते, त्यामुळे तो भंग नाही. भंग आहे तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ चा, कारण अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती. चुकीचा भंग लिहिला की परीक्षकाचा बाकीच्या उत्तरावरचाही विश्वास डळमळतो.

मानवी हक्क आयोगाची वाट गरीब कुटुंबाला सर्वांत सोपी. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि कोठडीतला मृत्यू २४ तासांत आयोगाला कळवण्याची पोलीस यंत्रणेवर सूचना आहे. मात्र मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ च्या कलम १८ खाली आयोग शिफारस करतो, आणि कलम ३६(२) मुळे घटनेपासून एक वर्षानंतरच्या तक्रारीची चौकशी करत नाही. म्हणून तिला रिटच्या जागी नव्हे, रिटच्या सोबत ठेवावे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ ची न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी आणि संबंधित पोलिसांवर गुन्हा हे वेगळे आहेत. भरपाई मिळाल्याने ते थांबत नाहीत.

माझी निवड अशी. या तथ्यांवर उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ ची रिट, कारण तिथून स्थानिक चौकशी आणि कागदपत्रे लवकर मागवता येतात. प्रार्थनेत आई आणि पत्नीसाठी अंतरिम भरपाई, बहिणीच्या नावे वेगळी रक्कम, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल आणि ठाण्याची दैनंदिनी हजर करण्याचा आदेश, गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास, आणि राज्याने भरलेली रक्कम दोषी पोलिसांकडून वसूल करण्याची मोकळीक. दिवाणी दाव्याचा हक्क राखून ठेवल्याचे एक वाक्य शेवटी लिहावे, आणि तो दावा मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांत लावावा लागतो, हेही उत्तरात मांडावे.