म्हातारीला कुठली मराठी द्यायची? संवादांच्या अनुवादातल्या तीन वाटा

हिंदी कथा मराठीत आणताना निवेदन फारसं अडवत नाही, अडवतात ते संवाद. समजा, कथेत अवधमधल्या खेड्यातली एक म्हातारी तहसिलीत आली आहे. खिडकीपलीकडचा बाबू सरकारी हिंदीत बोलतोय, सोबतचा लखनौला शिकणारा नातू शहरी हिंदीत, आणि म्हातारी अवधीत. नमुन्यापुरत्या तीन ओळी घेऊ.

बाबू : “आपका आवेदन अपूर्ण है, माताजी। खतौनी की नक़ल नहीं लगी है।”
म्हातारी : “हमका का मालूम, भइया। कागद तो लेखपाल के पास रहि गवा।”
नातू : “दादी, आप रहने दीजिए, मैं बात करता हूँ।”

हिंदी वाचकाला ही तीन माणसं तीन वाक्यांत कळतात. मराठीत ती कशी बोलणार हे पहिल्या पानावरच ठरवावं लागतं, कारण पन्नासाव्या पानावर विचार बदलला तर मागचे सगळे संवाद पुन्हा लिहिणं आलं.

वाटा ढोबळमानाने तीन. पहिली, सगळ्यांना प्रमाण मराठी. दुसरी, म्हातारीला मराठीतली एखादी खरी बोली. तिसरी, कुठल्याही एका गावची नसलेली अशी ‘साधारण ग्रामीण’ मराठी. म्हातारीची ओळ तिन्ही वाटांनी लिहून पाहू.

प्रमाण : “मला काय माहीत, बाळा. कागद तर लेखपालाकडे राहिला आहे.”
वऱ्हाडी : “मले काय मालूम, बाप्पा. कागद तं लेखपालापाशीच राह्यला.”
मालवणी : “माका काय म्हायत, बाबा. कागद लेखपालाकडेच रवलो.”
साधारण ग्रामीण : “मला काय ठावं, बाबा. कागद तर लेखपालाकडंच ऱ्हायला न्हवं.”

कानाला सगळ्यात जिवंत वाटतात त्या मधल्या दोन, यात वाद नाही. बोलीत लिहिलेला संवाद पानावरून उठून बोलतो. म्हणूनच अनुवादकाला तो मोह पडतो, आणि तो मोह चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे बाकीचे फायदे मला उणे वाटतात.

ती गोष्ट म्हणजे ‘मले’ आणि ‘माका’. मराठीत ‘ला’ हा प्रत्यय जवळपास प्रत्येक दुसऱ्या वाक्यात येतो. मला, तुला, त्याला, पोराला, गावाला, कशाला. विदर्भात आणि खानदेशात त्याचा ‘ले’ होतो, मालवणीत ‘का’ होतो. म्हणजे हा एकच प्रत्यय वाचकाला जिल्हा सांगून जातो, आणि एकदा नव्हे, प्रत्येक ओळीत सांगत राहतो. ‘मले’ वाचलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे अकोला-अमरावती उभी राहते. मग त्याच पानावर खतौनी येते, लेखपाल येतो, आणि अकोल्याच्या म्हातारीच्या तोंडी हे शब्द कसे, असा प्रश्न पडतो. अनुवादक तो प्रश्न मिटवायला लेखपालाचा तलाठी करतो, खतौनीचा आठ-अ करतो, आणि बघता बघता अवधचं गाव उचलून वऱ्हाडात आणून ठेवतो. ते रूपांतर झालं, अनुवाद राहिला नाही. रूपांतर करायला हरकत नाही, पण ते ठरवून करावं, एका प्रत्ययामागे फरफटत जाऊन नव्हे.

बोलीबद्दल दुसरी अडचण अशी की ती अर्धी लिहिता येत नाही. प्रमाण मराठीच्या सांगाड्यावर नुसतं ‘मले’ चिकटवलं की वऱ्हाडी होत नाही. “मले तिथे जायचे आहे” हे वाक्य कोणीच बोलत नाही, वऱ्हाडी माणूस “मले तिकडे जाचं हाय” म्हणेल. ‘करत आहे’चं ‘करून राहिलो’ होतं, ‘का’ विचारायचं तर ‘काहून’ येतं, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हे शेवटचं तर कागदावर आणखी अवघड जातं, कारण ‘काळा’चं ‘काया’ झालं की बोली न जाणणारा वाचक तिथे शरीर वाचतो. शिवाय बोली लिहिली की मुद्रितशोधनाचा ताप आहेच. दहा ठिकाणचं ‘तं’ शोधकाला टंकचूक वाटतं, त्यातली सहा ‘तर’ होतात, चार तशीच राहतात, आणि म्हातारी एकाच परिच्छेदात दोन जिल्ह्यांची होते. बोलीत लिहायचंच असेल तर रूपांची यादी आधी करावी, ती शोधकाच्या हाती द्यावी, आणि पहिली चार-पाच पानं ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावीत. जिथे तो वाचताना अडखळतो किंवा आपसूक वेगळं म्हणतो, तिथे तुमचं लिहिणं चुकलेलं असतं.

मग ‘साधारण ग्रामीण’ बरी, असं बऱ्याच जणांना वाटतं. न्हाई, व्हय, लई, ठावं, त्यो, म्या. प्रत्यय ‘ला’च राहतो, त्यामुळे सुरक्षित वाटतं. पण ही भाषा बिनगावची आहे हा पुणे-मुंबईच्या वाचकाचा समज आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या माणसाला ती आपल्याकडचीच, जरा चुकीची बोललेली वाटते. नागपूरच्या वाचकाला ती परकी वाटते, आणि कोकणातल्याला तर खेड्याचीसुद्धा वाटत नाही, कारण त्याचं खेडं असं बोलतच नाही. ग्रामीण कथा आणि तमाशापट यांतून ही भाषा इतकी कानावर पडली आहे की ‘व्हय’ म्हणणारं पात्र दिसलं की वाचक नकळत एक तर भाबडेपणाची नाहीतर विनोदाची वाट बघू लागतो. अवधच्या म्हातारीला तो भार कशाला द्यायचा? मूळ कथेत ती अडाणी नाही, फक्त तिची भाषा वेगळी आहे.

राहता राहिली प्रमाण मराठी. वर दिलेली ओळ वाचली तर ती नापास होते, हे मान्य. “राहिला आहे” असं म्हातारी म्हणत नाही. पण प्रमाण मराठी म्हणजे फक्त पुस्तकी मराठी नव्हे. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी (पहिले १९६२चे, पुढची भर १९७२ची) पात्राच्या तोंडच्या मजकुरात ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी अनुस्वाराची रूपं वापरायला मोकळीक दिलेली आहे. म्हणजे नियम न मोडताही हाताशी दोन पातळ्या आहेत: ‘केले’ आणि ‘केलं’. माझा कल आहे तो या दोन पातळ्यांमधल्या अंतरावर काम करण्याकडे. म्हातारीला खाली ढकलण्याऐवजी बाबूला वर चढवायचं.

बाबू : “आपला अर्ज अपूर्ण आहे. खतौनीची प्रत जोडलेली नाही.”
म्हातारी : “मला काय कळतं बाबा त्यातलं? कागद होता की. लेखपालाकडेच राहिला बघ.”
नातू : “आजी, तू थांब, मी बोलतो.”

इथे म्हातारीच्या ओळीत एकही शब्द कुठल्या जिल्ह्याचा नाही. तरी ती आणि बाबू एकाच शाळेत गेलेले नाहीत हे कळतं, कारण बाबू ‘जोडलेली नाही’ म्हणतो आणि ती ‘होता की’ म्हणते. बाबूचं वाक्य कागदावरून वाचल्यासारखं आहे, तिचं तुटक आहे आणि समोरच्याला ‘बघ’ म्हणून ओढून घेणारं आहे. अंतर मूळ कथेतलंच आहे, फक्त ते उच्चारातून काढून वाक्याच्या घडणीत आणि पातळीत ठेवलं.

तिथेच संबोधनांचीही कामं होतात. मूळ नातू आजीला ‘आप’ म्हणतो. मराठी घरात आजीला ‘तू’ म्हणतात, ‘आजी, तुम्ही थांबा’ म्हटलं तर वाचकाला नातं परकं वाटेल. बाबूचं ‘माताजी’ मात्र अवघड. ‘आजी’ म्हटलं तर तो एकदम मायाळू होतो, ‘आजीबाई’ म्हटलं तर किंचित हिणवतो. म्हणून मी संबोधन गाळून ‘आपला’ ठेवणं पसंत करतो, त्यात सौजन्य आहे आणि अंतरही. म्हातारीने उलट त्याला ‘साहेब’ म्हणू नये. मूळ ‘भइया’ बरोबरीचा आहे, ‘साहेब’ आला की ती वाकलेली दिसते. ‘बाबा’ चालतं.

या वाटेने जाताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. अनुस्वाराची सगळी रूपं सारखी नाहीत. ‘केलं, असं, माझं, त्यानं’ ही बहुतेक ठिकाणी खपतात. ‘तिकडं, पुढं, लेखपालाकडं’ मात्र देशाकडे झुकतात, आणि अशी चार-पाच एका पानावर आली की परत साताऱ्याचा वास येऊ लागतो. म्हणून संवादात ‘तिकडे, पुढे’ ठेवायचं आणि क्रियापदं तेवढी बोलती करायची. प्रत्येक पात्रामागे एक चिठ्ठी केली तर हे सोपं जातं. त्यावर तो कोणाला तू म्हणतो आणि कोणाला तुम्ही, त्याच्या तोंडी बसलेले दोन-तीन शब्द (की, बघ, बरं का, बाई), आणि वाक्यं लांब की तुटक, एवढंच. जमलं की नाही हे तपासायला एका पानावरची “ती म्हणाली, तो म्हणाला” झाकून संवाद तेवढे वाचावेत. कोण बोलतंय हे तरीही कळलं तर बोलीवाचून काम झालं.

याचा तोटा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. अवधीतला गोडवा, ‘रहि गवा’तली लय, यात येत नाही. म्हातारीचं भाषण दोन पानं चालणार असेल, तिचं सांगणं हीच कथा असेल, तर ही मराठी जरा फिकी पडते.

आणि एक जागा अशी आहे की तिथे मी स्वतः बोलीकडेच जाईन: कथेचं गाव जिथे खरंच मराठी बोलतं. हिंदी कथा मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागातली असेल, किंवा कन्नड कथा बेळगावजवळच्या खेड्यातली असेल आणि पात्र मूळचं मराठीच असेल, तर तिथे ‘ले’ किंवा तिकडची रूपं हा भूगोल लादलेला नसतो, तो कथेचाच असतो. तिथे तर प्रमाण मराठीच खोटी वाटेल. फक्त त्या भागाची खासियत आधी माहीत हवी. कोल्हापूर-बेळगावच्या पट्ट्यात अनेक मुली आणि बायका स्वतःबद्दल ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच म्हणतात. अशा कथेत तरुण मुलीच्या तोंडी “मी येतो की उद्या” लिहिलं तर ते अगदी बरोबर आहे, पण छापून येईपर्यंत त्याचं ‘येते’ होण्याची शक्यता दाट. हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर शोधकासाठी तशी सूचना लिहावी, आणि शेवटच्या मुद्रितात मुलीची प्रत्येक ओळ स्वतः तपासावी.