बायको-नवऱ्याचं एकत्र गृहकर्ज: पाच वर्षांनंतरचा अनुभव

योजना सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे माहितीपत्रक परत लिहीत नाही. 50 लाख, 20 वर्षं, घर दोघांच्या नावावर निम्मं-निम्मं, कर्जातही दोघं. दर वरखाली झाला, पण हिशोब सोपा राहावा म्हणून सरसकट 8.5 टक्के धरते. हप्ता 43,391.

पहिली तीन वर्षं मी या कर्जाची फुकट जाहिरात करत फिरले. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण 4 लाख 21 हजार होतं. राहत्या घराच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत माणशी 2 लाखांपर्यंतच वजावट मिळते, म्हणजे एकट्याच्या कर्जात सव्वादोन लाखांचं व्याज वाया. दोघांत वाटलं की जवळजवळ सगळं वापरलं जातं. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला जास्तीच्या 2 लाखांवर उपकरासकट 62,400 वाचतात, आणि मुद्दलाची 80सी ची वजावट वेगळी. अट एकच, आणि ती कोणी नीट सांगत नाही: नाव दोन्हीकडे हवं. खरेदीखतात आहे पण कर्जात नाही, किंवा कर्जात आहे पण खरेदीखतात नाही, तर वजावट शून्य. माझ्या मैत्रिणीचं कर्जात नाव आहे, हप्ता तिच्या पगारातून जातो, घर मात्र फक्त नवऱ्याचं. तिला दमडी मिळत नाही.

शिवाय बाईचं नाव पहिलं ठेवलं की आमच्या बँकेत व्याज 0.05 टक्के कमी. महिन्याला दीडशे रुपयांच्या आसपास. हे दीडशे मी हट्टाने मिळवले. त्याची किंमत नंतर कळली: हप्ता चुकला की पहिला फोन पहिल्या नावाला.

तो आला तेव्हा आम्ही वेगळे राहत होतो. हप्ता संयुक्त खात्यातून जायचा, आणि नवऱ्याने त्याचे निम्मे टाकणं बंद केलं होतं. माझे निम्मे खात्यात होते, पण बँकेला निम्मा हप्ता नावाची गोष्ट ठाऊक नाही. पूर्ण रक्कम नव्हती, हप्ता परत गेला, दंड लागला, आणि उशिराची नोंद दोघांच्या क्रेडिट रिपोर्टवर आली. मी बँकेतल्या मॅडमना म्हटलं, माझा वाटा मी दर महिन्याला देते, बाकीचं त्याच्याकडून घ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, वाटा घराला असतो, कर्जाला नसतो." बरोबरच बोलल्या. 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 हेच सांगतं: कर्ज देणारा दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ज्याने जास्त भरलं त्याने दुसऱ्याकडून वसूल करावं, ते त्या दोघांचं भांडण.

परस्पर संमतीने घटस्फोटाचा मसुदा तयार होता. त्यात "पती यापुढे कर्जाचे हप्ते भरतील व घर पत्नीकडे राहील" असं छान वाक्य होतं. आमच्या वकीलबाईंनीच ते खोडलं. कौटुंबिक न्यायालयात बँक पक्षकार नसते, त्यामुळे तिथे काहीही ठरलं तरी बँकेवर बंधन येत नाही. उद्या त्याने भरणं थांबवलं तर हुकूमनामा घेऊन मी त्याच्या मागे लागायचं, पण तोवर नव्वद दिवस थकलं की कर्ज बुडीत खात्यात आणि जप्तीची नोटीस माझ्या दारावर. त्याऐवजी असं लिहिलं: कर्ज मी एकटी घेईन, एकरकमी पोटगी सोडीन, तो घरातला हक्क सोडेल, आणि ठरलेल्या तारखेपर्यंत बँकेने त्याला मोकळं केलं नाही तर घर विकून आधी कर्ज फेडायचं. ते शेवटचं वाक्य नसतं तर पहिल्या तीन ओळी शोभेच्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. नाव कमी करण्याचा अर्ज! बँकेच्या दृष्टीने नाव "कमी" होतच नाही. एकट्या माणसाची पुन्हा पहिल्यापासून छाननी होते: पगारपत्रकं, खात्याचे उतारे, घराचं मूल्यांकन, वकिलाचा अभिप्राय, आणि नव्या कर्जाइतकी प्रोसेसिंग फी. घर तेच, बँक तीच, हप्ता तोच, आणि फी दुसऱ्यांदा. मूल्यांकन करणारा मुलगा आला, हॉलमध्ये उभं राहून दोन फोटो काढून गेला, त्याचे पैसे वेगळे. मला अजूनही या फीचा राग आहे. भांडून निम्मी करून घेतली, पण मुळात घ्यायचीच कशाला?

छाननीत आकडे असे निघाले. पाच वर्षांत हप्त्यांपोटी 26 लाख गेले होते आणि मुद्दल सहा लाखांनीही उतरलं नव्हतं; बाकी 44 लाख 6 हजार. माझा हातात येणारा पगार 80 हजार, आणि बँक त्याच्या निम्म्यापर्यंतच हप्ता मान्य करते. म्हणजे 40 हजार. तेवढ्या हप्त्यात उरलेल्या 15 वर्षांत 40 लाख 62 हजार बसतात. साडेतीन लाखांच्या आतबाहेरचा खड्डा. वडिलांना सहकर्जदार घ्या, असं सुचवलं. एका सहकर्जदारातून सुटायला दुसरा घ्यायचा का? मी ठेवी मोडल्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड नसतो, तेवढं समाधान.

इथे माझं मत थोडं बदललं. सुरुवातीला वाटत होतं की संयुक्त जबाबदारीचा सगळा फास माझ्याच गळ्यात आहे. पण नवऱ्याने स्वतःसाठी घर बघायला घेतलं तेव्हा त्याच्या पात्रतेतून निम्मा नाही, पूर्ण 43,391 चा हप्ता वजा झाला. तिथून तो माझ्यापेक्षा जास्त घाईत. कागद पटापट यायला लागले.

घाई मात्र आमच्या सीएने थांबवली. घराचा ताबा 2020 च्या जानेवारीत मिळाला होता. ताब्याचं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत वाटा दुसऱ्याच्या नावे केला, तर त्यावर 80सी मध्ये आधी घेतलेली वजावट त्या वर्षाच्या उत्पन्नात परत मिळवली जाते. त्याच्या वाट्याचं मुद्दल जवळजवळ तीन लाख, शिवाय खरेदीच्या मुद्रांक शुल्काची वजावट वेगळी. म्हणून हक्कसोडपत्र 31 मार्च 2025 नंतर केलं. व्याजाच्या वजावटीला ही अट नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी बँकेचं त्याला मोकळं करण्याचं मंजुरीपत्र, मग बँकेच्या ना-हरकतीवर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, मग सोसायटीच्या भागपत्रावर नाव. त्याने उलट केलं असतं तर घर गेलं, कर्ज राहिलं आणि वजावटही गेली.

करबचतीचा फुगा आता बसलाय. यंदा व्याज साधारण 3 लाख 40 हजार, माझी मर्यादा 2 लाख, वरचं वाया. नवरा तर आधीच नव्या करपद्धतीत गेलेला होता, जिथे राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाहीच, त्यामुळे दोघांचं कर्ज असतानाच शेवटी ती एकट्याचीच उरली होती. नव्याने घेणाऱ्यांनी आधी दोघांची करपद्धत बघा; दोघं नव्या पद्धतीत असाल तर कर वाचतो म्हणून दुसरं नाव घालण्यात काही नाही, कर्ज जास्त मिळतं एवढंच.

त्याच्या क्रेडिट रिपोर्टवरून कर्ज उतरलं, माझ्या रिपोर्टवर जुनी उशिराची नोंद आहे तशीच. कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा अजून दोघांच्या आयुष्यावर आहे. त्याचा हप्ता मुद्दलात मिळवलेला, त्यामुळे त्यावर व्याजही मीच भरतेय. शाखा म्हणते विमा कंपनीला लिहा, कंपनी म्हणते शाखेतून अर्ज पाठवा.