बांबूची तात्पुरती शेड, काही महिन्यांनंतर: बांबू पास, दोरीचा हिशेब नापास

परवाच्या वाऱ्यात छपराची एक रीप दोन वाश्यांवरून घसरली आणि ताडपत्री फडफडायला लागली. बांबू धड, दोरीही धड. सुटली होती ती फक्त दोरीची पकड. म्हणून हे लिहितोय.

शेड २० बाय १० फूट, एकउतारी. उंच बाजू ९ फूट, सखल बाजू ७. दर ५ फुटांवर खांब, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच, सगळे २ फूट जमिनीत. सामान काढायला एक तयार गणनपत्रक वापरलं. मापं टाकली की बांबू आणि दोरी सांगतं. वर माणूस चढणार नव्हता, फक्त ताडपत्री.

पत्रक सगळ्या लांब्यांची बेरीज करतं. खांब १०० फूट, वासे ६२, खांबांवरच्या दोन आणि वाश्यांवरच्या सहा अशा आठ आडव्या ओळी १७६, कैच्या ४०. एकूण ३७८. बांबू २० फुटी, म्हणून उत्तर १९. कागदावर ११ फुटी आणि ९ फुटी खांब एकाच बांबूतून निघतात, पण मग सखल बाजूच्या खांबांना शेंड्याकडचा बारीक भाग येतो. खांबाला बुडखाच हवा. म्हणून खांबांचेच १० बांबू, वाश्यांचे ५, आडव्या ओळींचे ८. ओळ २२ फूट असल्याने प्रत्येकीला ५ फुटी जोड लागतो, त्यातले ३ फूट नुसते एकमेकांवर. हे जोड आणि कैच्या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. झाले २३. दोन जादा धरा, कारण एखादा चिरलेला निघतोच. हा फरक मी माफ करतो. दोरीचा नाही.

दोरी पत्रकाने सांध्यामागे ६ फूट धरली. सांधे ७४, म्हणून ४४४ फूट. अर्ध्यातच संपली. ३ इंची खांबावर अडीच इंची आडवा बांबू चौकटी बांधणीने आवळायचा तर तीन वेढ्यांनाच सव्वाचार फूट जातात. त्यावर दोन बांबूंच्या मधून घालायचे दोन आडवे फेरे, सुरुवातीची नि शेवटची गाठ, आणि ओढायला हातात राहील एवढं शेपूट. सोपा अंदाज असा की दोन्ही जाड्यांची बेरीज इंचात घ्या आणि इंचाला ३ फूट दोरी धरा. साडेपाच इंचांना साधारण १६ फूट होते. थोडी उरते, पण कमी पडत नाही. या हिशेबाने खांब-वाशांच्या २० सांध्यांना ३२० फूट, रिपांच्या ३० सांध्यांना १३ प्रमाणे ३९०, कैच्यांच्या ८ टोकांना १०४, आणि जोडांच्या १६ बंधांना ९ प्रमाणे १४४. एकूण ९५८. पत्रकाच्या दुपटीहून जास्त!

दोरी कमी पडली म्हणून अर्धे सांधे नायलॉनचे आणि अर्धे काथ्याच्या सुंभाचे झाले. पहिले काही आठवडे मी नायलॉनचं कौतुक करत होतो. बारीक, मऊ, झटपट बसणारी. मग बांबू वाळले. ओला बांबू वाळताना बारीक होतो. ३ इंची बांबू नुसता २ सूत आटला तरी प्रत्येक वेढ्याला जवळपास पाऊण इंच ढील येते. सुंभ खरखरीत असल्याने ढिला होऊनही बांबू धरून बसला. गुळगुळीत सालीवर नायलॉन मात्र घसरली. घसरलेली रीप तिचीच. ढिला सांधा ओळखायचा असेल तर रीप हाताने बाजूला ढकला. साल दोरीखालून सरकून कोरी, चकचकीत पट्टी दिसली की तो सांधा गेला समजा.

तरीही सुंभाला पूर्ण गुण देत नाही. कैच्यांच्या खालच्या टोकांना, जिथे पावसाचं पाणी उडतं, तिथला सुंभ कुजून हातात तुटला. त्या जागी नायलॉन टिकली आहे. म्हणजे खाली नायलॉन, वर सुंभ. तार सुचवणाऱ्यांनो, ती बांबूत रुतते, गंजते आणि पुन्हा आवळताना तुटते.

नवी दोरी आणायला जीव होईना. शेवटी उरलेल्या बांबूच्या फाकांच्या वीतभर पाचरी तासल्या आणि ढिल्या वेढ्यांखाली ठोकल्या. बांबूच्या गाठीजवळ ठोकायच्या, मधल्या पोकळ भागावर ठोकलं तर बांबू चिरतो. दोरीची गाठ न सोडता सांधा ताठ होतो, आणि खर्च शून्य. नायलॉनच्या सांध्यांना पाचर कधीमधी निसटते, तिथे वरून सुंभाचे दोन वेढे दिले.

पुढच्या शेडला २५ बांबू आणि १०५० फूट दोरी सांगणार आहे. पत्रक ठेवलंय, पण सांध्यामागच्या ६ वर काट मारून जाड्यांची बेरीज गुणिले ३ लिहिलंय. बांबू ओला की वाळलेला, हे ते अजूनही विचारत नाही.