मिथेनचं ज्वलन: कागदावरचा आकडा आणि कॅलरीमापीतला

एक मोल मिथेन जाळून कॅलरीमापीत मोजलं, तर ΔH येते −८९० किलोज्यूल. सरासरी बंध-एन्थाल्पींनी काढली तर? तुटणारे बंध चार C–H (४१३) आणि दोन O=O (४९८), म्हणजे २६४८. जुळणारे दोन C=O (७४५) आणि चार O–H (४६३), म्हणजे ३३४२. उत्तर −६९४. तब्बल १९६ चा फरक!

यातले ८८ पाण्याचे. बंधांचा हिशेब सगळं वायुरूप धरतो; कॅलरीमापीत दोन मोल वाफेचं पाणी होतं आणि मोलमागे ४४ बाहेर पडतात. उरलेल्या १०८ चा गुन्हेगार ७४५. ती कीटोनसारख्या संयुगांतल्या C=O ची सरासरी; CO₂ मधला बंध ७९९ चा, जास्त मजबूत. तो घातला की −८०२, वाफेसाठी मोजलेल्या आकड्याइतकंच. इतकं चपखल जुळणं मात्र थोडं नशिबाचंच, कारण ४१३ आणि ४६३ यासुद्धा सरासऱ्याच.