एजंटने केलेलं भाषांतर, नोटरीचा लाल शिक्का आणि माझे १८,५०० रुपये

आकडा आधीच सांगते. तीन दाखल्यांच्या भाषांतराचे प्रत्येकी २,५०० म्हणजे ७,५०० रुपये, 'अटेस्टेशन'चे ४,००० आणि 'एम्बसी अप्रूव्हल चार्ज' म्हणून ७,०००. एकूण १८,५०० रुपये. एवढे पैसे मोजून हातात आली ती तीन पानं. त्यांना कायद्याच्या दृष्टीने काडीचीही किंमत नव्हती.

माझे पती कॅनडात आहेत आणि त्यांनी मला स्पॉन्सर केलं आहे. माझा जन्मदाखला, आमचा विवाहाचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला, तिन्ही मराठीत आहेत, जुन्या हस्ताक्षरातले. फॉर्म भरून देणाऱ्या एका एजंटकडे फाईल दिली होती. "ताई, ट्रान्सलेशन आपल्याकडेच होतं, बाहेर जायची गरज नाही," असं तो म्हणाला. फाईल त्याची, फॉर्म त्याचा, मग भाषांतरही त्याच्याकडेच होणार असं कुणालाही वाटेल. पण नेमकी तीच गोष्ट चालत नाही. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याचा नियम स्पष्ट आहे. अर्जदार स्वतः भाषांतर करू शकत नाही. त्याचे आई-वडील, भावंडं, नवरा-बायको, मुलं, काका-मामा, चुलत-मावस भावंडं यांनी केलेलंही चालत नाही, मग ते भाषांतरकार असले तरी. आणि अर्जदाराच्या वतीने फाईल सांभाळणारा प्रतिनिधी किंवा कन्सल्टंट, म्हणजे पैसे घेऊन मदत करणारा माणूस, तोही करू शकत नाही. ज्याला अर्ज मंजूर होण्यात रस आहे, त्याच्या शब्दावर खातं विसंबणार नाही. किती साधं कारण आहे! हे एजंटला माहीत नव्हतं, असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

जिथे शंका यायला हवी होती, ते पान अजून डोळ्यांसमोरून जात नाही. भाषांतराच्या तळाशी 'ट्रू ट्रान्सलेशन' एवढीच ओळ होती, खाली त्याच्या ऑफिसचा गोल शिक्का आणि शेजारी नोटरीचा लाल शिक्का. भाषांतर कुणी केलं, त्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं. मी विचारलं नाही असं नाही. विचारलं, दोनदा विचारलं. "नोटरी झालंय ना ताई, आता ते ऑफिशियल," हे उत्तर मिळालं. लाल शिक्का, तिकिटं, सही पाहिल्यावर आपल्याकडे कोण पुढे बोलतं? शाळेपासून कोर्टापर्यंत सगळीकडे आपल्याला शिक्क्यालाच मान द्यायला शिकवलंय. पण तो शिक्का 'ट्रू कॉपी'चा होता. त्याचा अर्थ एवढाच, की समोरची झेरॉक्स मूळ कागदाबरहुकूम आहे. इंग्रजी मजकूर मराठीशी जुळतो की नाही, याबद्दल त्या शिक्क्याने एक अक्षरही म्हटलेलं नव्हतं. शिक्क्याच्या आतली अक्षरं वाचा, नुसता रंग पाहू नका.

अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. कारणं दोन. भाषांतर प्रमाणित भाषांतरकाराचं नाही आणि सोबत भाषांतरकाराचं शपथपत्रही नाही. शिवाय मूळ दाखल्यावरचा गोल शिक्का आणि समासातला शेरा भाषांतरात आलेलाच नाही. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये नसलेले शिक्केसुद्धा भाषांतरित व्हायला लागतात. पण मला खरी धडकी भरली ती नंतर, पानं शांतपणे ताडून पाहिली तेव्हा. विवाहाच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, एक लग्नाची, दुसरी नोंदणीची. त्याने त्या उलट लिहिल्या होत्या. फॉर्ममध्ये खरी तारीख, भाषांतरात दुसरीच. कॅनडात चुकीची माहिती दिल्याचा ठपका बसला तर पाच वर्षं अर्जाचा रस्ता बंद होतो. म्हणजे पैसे त्याने घेतले आणि पाच वर्षांची टांगती तलवार माझ्या डोक्यावर.

आता खरी पद्धत. कॅनडातल्या एखाद्या प्रांताच्या भाषांतरकार संघटनेचा प्रमाणित सदस्य असेल, तर त्याचा सदस्य क्रमांक असलेला शिक्का आणि सही पुरते. शपथपत्र लागत नाही. तसा माणूस मिळाला नाही, तर भारतात दुसरा मार्ग आहे. आपल्याकडे देशभर लागू असलेली सरकारी परवान्याची भाषांतरकार-पद्धत नाही, म्हणून इथे सगळा भार शपथेवर येतो. दोन्ही भाषा जाणणारा, नात्यात नसलेला, फाईलशी संबंध नसलेला माणूस भाषांतर करतो. मग तो स्वतः नोटरीसमोर उभा राहून शपथेवर सांगतो, की हे मूळ दाखल्याचं खरं भाषांतर आहे. नोटरीला इंग्रजी यायला हवं, कारण शपथपत्र इंग्रजीत असतं. पाकिटात मूळ दाखल्याची प्रमाणित प्रत, भाषांतर आणि शपथपत्र असे तिन्ही कागद एकत्र जातात. सही भाषांतरकाराची. तुमची नाही, एजंटची तर नाहीच नाही. मी नंतर हे सगळं नीट करून घेतलं. भाषांतराचे पानाला १,२०० प्रमाणे ३,६०० आणि शपथपत्र, नोटरी मिळून ८००. एकूण ४,४०० रुपये. मग ते ७,००० रुपयांचं 'एम्बसी अप्रूव्हल' कसलं होतं? दाखल्याचं भाषांतर मंजूर करून देण्याची अशी कुठली पायरी या अर्जात नाही.

आणि दुसऱ्या देशासाठी हीच पद्धत आंधळेपणाने उचलू नका. अमेरिकेच्या इमिग्रेशनला भाषांतरकाराने स्वतः लिहून दिलेलं प्रमाणपत्र लागतं, की भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. तिथे नोटरीची अट नाही. ऑस्ट्रेलियात राहून भाषांतर करून घेत असाल तर 'नाटी' या तिथल्या भाषांतरकारांना प्रमाणित करणाऱ्या संस्थेचा भाषांतरकार लागतो. जर्मनीत कोर्टाने शपथ दिलेला भाषांतरकार मागतात. कागद कोण स्वीकारणार, त्याचा नियम आधी वाचा. 'सगळीकडे चालतं' म्हणणारा माणूस खोटं बोलतो.

तक्रारीचं काय झालं, तेही ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, काम केलंय ना त्याने, मग फसवणूक कसली, हा दिवाणी मामला. नोटरी म्हणाले, आम्ही कॉपी पाहिली, भाषांतर आमचं नाही. हे खरंच होतं, पण त्या शिक्क्याच्या जोरावर कोण काय विकतंय हे त्यांना दिसत नव्हतं का? प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: "तुम्ही आधी चौकशी का नाही केली?" चौकशी करायला ज्याच्याकडे गेले, त्यानेच तर लुबाडलं! माझ्या पावतीवर फक्त 'सर्व्हिस चार्ज' लिहिलंय, त्यामुळे ७,००० कशाचे हे सिद्ध करायला माझ्याकडे व्हॉट्सॲपचे मेसेज तेवढे आहेत. पावतीवर प्रत्येक रकमेसमोर काम लिहून घ्या. देत नसेल तर उठून या.

पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस तिथला वकील नसेल, तर तिथल्या इमिग्रेशन कन्सल्टंटांच्या कॉलेजचा परवानाधारक असावा लागतो. त्यांची यादी ऑनलाइन कुणालाही पाहता येते. माझ्या एजंटचं नाव त्यात नाही. आता ग्राहक आयोगाकडे ई-जागृति या सरकारी पोर्टलवरून तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तक्रारीला पावती, मेसेज, परत आलेलं पत्र आणि ती तीन पानं जोडली आहेत. एजंटने दिलेली मूळ पानं रागाने फाडू नका, मीही फाडणार होते. पुरावा तोच आहे.